तळेगावची एक फॅक्टरी, तीन करार आणि एक प्रश्न: एमओयू संपतो कसा?

'अमुक कंपनीसोबत हजारो कोटींचा सामंजस्य करार' ही बातमी तुमच्या फीडवर वर्षातून चार-पाच वेळा तरी येते. फोटोत दोन जण फाईल धरून उभे असतात, मागे बॅनर असतो आणि खाली कमेंट्समध्ये दोन गट भांडत असतात. एक गट म्हणतो, 'बघा, आली गुंतवणूक.' दुसरा म्हणतो, 'नुसते कागद आहेत, काही येत नाही.'

दोन्ही गट अर्धे बरोबर असतात. एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, खरंच कागद असतो. पण त्या कागदावर काय लिहिलंय, यावर बरंच काही अवलंबून असतं. विशेषतः कुणी फारशी न वाचलेली शेवटची कलमं, म्हणजे हा करार किती दिवस चालणार आणि कुणाला बाहेर पडायचं असेल तर काय होणार.

हे समजून घ्यायला मावळ तालुक्यासारखी दुसरी जागा नाही. तळेगावच्या एकाच फॅक्टरीभोवती गेल्या काही वर्षांत इतके कागद तयार झाले, की त्यातून एमओयूचा अख्खा धडा शिकता येतो. आधी ती गोष्ट बघू. मग तोच धडा घेऊन एक छोटा, साधा एमओयू कलमाकलमानं लिहून बघू.

आधी एमओयू म्हणजे काय?

दोन पक्षांना एकत्र काहीतरी करायचंय. पण सगळे तपशील अजून ठरलेले नाहीत, मंजुऱ्या मिळालेल्या नाहीत, पैसे हातात नाहीत. अशा वेळी 'आपलं साधारण असं ठरलंय' हे लिहून ठेवणं म्हणजे एमओयू. लग्नाच्या बोलणीत याद्या करतात ना, तसंच काहीसं. यादी झाली म्हणजे लग्न लागलं असं नाही, पण कोण काय करणार हे दोन्ही घरांना माहीत असतं.

कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत याच टप्प्यावरच्या कागदाला 'टर्म शीट' म्हणतात. त्यात व्यवहाराच्या मुख्य अटी असतात. पुढे पक्का करार होतो, त्यात ठरलेल्या अटी पूर्ण होतात आणि त्यानंतरच मालमत्ता हातात येते. म्हणजे टर्म शीट, पक्का करार आणि ताबा अशा तीन पायऱ्या. तळेगावची गोष्ट याच पायऱ्यांवर घडते.

तळेगावात झालं काय?

जनरल मोटर्सनं २००८ मध्ये तळेगावात कारचा प्लांट सुरू केला. शेवरोलेच्या गाड्या तिथे बनायच्या. २०१७ मध्ये कंपनीनं भारतात गाड्या विकणं बंद करायचं ठरवलं. त्यानंतरही तळेगावचा प्लांट निर्यातीसाठी चालू राहिला, पण तो विकायचा होता हे उघड होतं.

जानेवारी २०२० मध्ये गिऱ्हाईक मिळालं. चीनची ग्रेट वॉल मोटर्स. दोन्ही कंपन्यांनी टर्म शीटवर सह्या केल्या आणि व्यवहार त्याच वर्षी पूर्ण होईल असं सांगितलं.

तीनच महिन्यांनी, एप्रिल २०२० मध्ये, केंद्र सरकारनं परकीय गुंतवणुकीचा एक नियम बदलला. भारताच्या जमिनी सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला आता सरकारची आधी परवानगी लागणार होती. त्याआधी बहुतेक क्षेत्रांत चीनच्या कंपनीला अशी परवानगी लागत नसे. म्हणजे टर्म शीटवर सह्या झाल्या तेव्हा जी अडचण नव्हती, ती नंतर उभी राहिली.

तरी काम थांबलं नव्हतं. १५ जून २०२० ला 'मॅग्नेटिक महाराष्ट्र २.०' या ऑनलाइन कार्यक्रमात महाराष्ट्र सरकारनं डझनभर एमओयू केले. त्यातला एक ग्रेट वॉलसोबत होता. तळेगावसाठी ३,७७० कोटी रुपयांची गुंतवणूक आणि दोन हजारांच्या आसपास नोकऱ्या, असे आकडे जाहीर झाले. त्याच रात्री गलवानमध्ये भारत आणि चीनच्या सैन्यात संघर्ष झाला आणि २० भारतीय जवान शहीद झाले.

आठवड्याभरातच तत्कालीन उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी सांगितलं, की केंद्राशी बोलून चिनी कंपन्यांसोबतचे तीन एमओयू थांबवले आहेत. तिन्ही मिळून ५,०२० कोटींचे. लक्ष द्या, एमओयू 'थांबवले' गेले. रद्द झाल्याचं सांगण्यात आलं नाही.

इकडे डिसेंबर २०२० मध्ये तळेगावातून शेवटची गाडी बाहेर पडली आणि जनरल मोटर्सनं उत्पादन बंद केलं. ग्रेट वॉलला मात्र केंद्राची परवानगी मिळत नव्हती. दोन्ही कंपन्यांमधल्या व्यवहाराची मुदत शेवटी ३० जून २०२२ ला संपली. मंजुऱ्या वेळेत मिळाल्या नाहीत असं सांगून व्यवहार संपल्याचं जाहीर झालं. जानेवारी २०२० ते जून २०२२, जवळपास अडीच वर्षं.

मग आली ह्युंदाई. १३ मार्च २०२३ ला टर्म शीट. १६ ऑगस्ट २०२३ ला पक्का खरेदी करार. जानेवारी २०२४ मध्ये खरेदी पूर्ण. त्याच महिन्यात दावोसमध्ये ह्युंदाईनं महाराष्ट्र सरकारसोबत ६,००० कोटींच्या गुंतवणुकीचा एमओयू केला. २०२५ मध्ये तळेगावातून ह्युंदाईच्या गाड्या बाहेर पडायला लागल्या.

एक व्यवहार फिसकटला, दुसरा झाला. फरक काय?

सरळ उत्तर आहे की एक कंपनी चिनी होती आणि दुसरी कोरियन. दक्षिण कोरियाची सीमा भारताला लागत नाही, त्यामुळे एप्रिल २०२०चा तो नियम ह्युंदाईला लागूच नव्हता. हे खरंच आहे. पण करार कसा लिहावा, हे शिकायचं असेल तर आणखी दोन गोष्टी बघायला हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे क्रम. ह्युंदाईनं आधी जागा घेतली आणि ताबा मिळाला त्याच महिन्यात सरकारसोबत गुंतवणुकीचा एमओयू केला. ग्रेट वॉलच्या वेळी क्रम उलटा होता. जागा जनरल मोटर्सच्याच नावावर होती, केंद्राची परवानगी यायची होती आणि तरी राज्यासोबत एमओयू झाला. म्हणजे ज्या दोन पक्षांनी सह्या केल्या, त्यांच्यापैकी कुणाच्याच हातात सगळ्यात मोठी अट नव्हती. ती तिसऱ्याच्या, म्हणजे दिल्लीच्या हातात होती.

कुठलाही एमओयू वाचताना हा प्रश्न विचारायला हवा: हे पूर्ण व्हायला कुणाची परवानगी लागते, आणि तो इथे सही करणाऱ्यांपैकी आहे का? नसेल, तर करारात तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. 'अमुक मंजुरी मिळाली तरच हा करार पुढे जाईल. अमुक तारखेपर्यंत मिळाली नाही, तर करार आपोआप संपेल.'

दुसरी गोष्ट म्हणजे ती 'अमुक तारीख'. जनरल मोटर्स आणि ग्रेट वॉलच्या व्यवहाराला मुदत होती, म्हणून ३० जून २०२२ नंतर जनरल मोटर्स दुसरं गिऱ्हाईक शोधायला मोकळी झाली. नऊ महिन्यांत ह्युंदाईसोबत टर्म शीट झाली. मुदत नसती, तर 'परवानगी येईल, थांबा' असं म्हणत जागा आणखी कितीतरी दिवस अडकून पडली असती.

उलट राज्य सरकारचे तीन एमओयू 'थांबवलेले' होते. थांबवणं आणि संपवणं यात फार मोठा फरक आहे. करार संपला की दोघांनाही पुढचं ठरवता येतं. थांबला की कुणालाच काही करता येत नाही. म्हणून चांगल्या एमओयूत 'स्थगिती'लाही मुदत असते. उदाहरणार्थ, स्थगिती जास्तीत जास्त सहा महिने, नंतर करार एकतर सुरू होईल किंवा संपेल.

ज्यांचं नाव कागदावर नव्हतं

या सगळ्या काळात तळेगावच्या प्लांटमधले हजारावर कामगार काय करत होते? वाट बघत होते, आंदोलन करत होते आणि कोर्टकचेरी करत होते. २०२१ मध्ये कंपनीनं त्यांना ले-ऑफ दिला. नवा मालक येईल तेव्हा त्यानं आम्हाला सामावून घ्यावं, अशी त्यांची मागणी होती. पण ह्युंदाईनं जनरल मोटर्सकडून घेतली ती जमीन, इमारती आणि ठराविक यंत्रसामग्री. कामगारांची जबाबदारी त्या खरेदीचा भाग नव्हती.

इथे कायद्याचा एक कोरडा नियम आहे. सर्वसाधारणपणे करार त्यावर सही करणाऱ्यांनाच बांधतो आणि त्यांनाच हक्क देतो. तिसऱ्याला त्यातून काही मागता येत नाही, जरी त्याचं अख्खं आयुष्य त्या कागदावर अवलंबून असलं तरी. म्हणून 'दोन हजार नोकऱ्या' असं एमओयूच्या बातमीत लिहिलेलं असतं, तेव्हा त्या कुणाला मिळणार आणि न मिळाल्यास कोण कुणाला जाब विचारणार, हे बघावं लागतं. बहुतेक वेळा उत्तर 'कुणीच नाही' असं असतं.

आता हाच धडा छोट्या करारात

कारखान्यांचे एमओयू आपण फक्त वाचतो. पण शाळा, कॉलेज, ट्रस्ट, बचत गट, ग्रामपंचायत, ट्रेकिंग ग्रुप अशा ठिकाणी काम करणाऱ्या कितीतरी जणांवर कधी ना कधी एमओयू लिहायची वेळ येते. आणि तेव्हा बहुतेक जण इंटरनेटवरचा तयार नमुना उचलतात, नावं बदलतात आणि फोटो काढतात.

म्हणून एक उदाहरण करून बघू. हे काल्पनिक आहे. समजा, कामशेतजवळ एका ट्रस्टची शाळा आहे. पुण्यातल्या एका सामाजिक संस्थेला तिथे कॉम्प्युटर लॅब चालवायची आहे. संस्थेला पैसे मिळतात एका कंपनीच्या सीएसआर निधीतून. करार तीन वर्षांचा. यात चार गोष्टी लिहायच्या आहेत: कशासाठी, कोण काय करणार, किती दिवस आणि बाहेर पडायचं कसं.

१. कशासाठी?

नमुन्यातून उचललेलं वाक्य असं असतं: 'ग्रामीण विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण डिजिटल सक्षमीकरणासाठी दोन्ही संस्था परस्पर सहकार्याने कटिबद्ध राहतील.' हे वाचून लॅब सोमवारी उघडायची की नाही, हेसुद्धा कळत नाही.

साधं वाक्य असं: 'पाचवी ते आठवीच्या प्रत्येक वर्गाला आठवड्यातून दोन तास कॉम्प्युटर शिकवण्यासाठी हा करार आहे. शाळेच्या ऑफिसचं काम, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि इमारतीची दुरुस्ती यात येत नाही.'

दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. भांडणं बहुतेक 'तुम्ही हे करणार होतात' यावरून होत नाहीत, तर 'आम्हाला वाटलं हेही त्यात आहे' यावरून होतात. काय येत नाही हे लिहिलं, की सहा महिन्यांनी लॅबच्या शिक्षकाला शाळेच्या पगारपत्रकाची एंट्री करायला बसवलं जात नाही.

२. कोण काय करणार?

इथे 'दोन्ही पक्ष सहकार्य करतील' हे वाक्य दिसलं की सावध व्हा. जे काम दोघांचं असतं ते कुणाचंच नसतं. प्रत्येक कामापुढे एकच नाव हवं.

संस्था काय देणार? १५ कॉम्प्युटर, बॅटरी बॅकअप, एक शिक्षक आणि त्याचा पगार. कॉम्प्युटर बिघडला तर लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती. शाळा काय देणार? एक खोली, वेळापत्रकात तास, लाईट बिल, इंटरनेटचं बिल आणि खोलीची किल्ली कुणाकडे राहील त्याचं पद.

हे मावळ आहे, त्यामुळे एक कलम पावसाचं हवंच. जून ते सप्टेंबर इथे पाऊस कसा असतो ते लोणावळ्याला एकदा जरी गेला असाल तरी माहीत आहे. पत्र्यातून पाणी गळलं, भिंतीला ओल आली, लाईट जाऊन-येऊन चार मशीन जळाल्या, तर खर्च कुणाचा? सोपी वाटणी अशी: छत आणि वायरिंग शाळेचं, त्यामुळे गळतीनं झालेलं नुकसान शाळेचं. मशीनमधला बिघाड संस्थेचा. दरवर्षी मेमध्ये दोघांनी मिळून खोली तपासायची आणि कागदावर सही करायची. ही एक पाहणी जुलैमधलं भांडण वाचवते.

जबाबदाऱ्या नीट लिहिल्यात की नाही, हे तपासायची एक युक्ती आहे. प्रत्येक ओळ वाचून विचारा: हे झालं नाही, तर फोन कुणाला करायचा? एका सेकंदात एकच पद समोर आलं, तर ओळ बरोबर. 'अं... दोघांना' असं आलं, तर ओळ परत लिहा. आणि माणसाचं नाव नको, पद लिहा. मुख्याध्यापक बदलतात, करार तोच राहतो.

३. किती दिवस?

'स्वाक्षरी झाल्यापासून तीन वर्षे' असं लिहिलं आणि शाळेनं ३ जूनला, संस्थेनं २० जूनला सही केली, तर कुठली तारीख धरायची? म्हणून दोन्ही टोकांच्या तारखा लिहा: १५ जून २०२५ ते ३० एप्रिल २०२८.

शेवटची तारीख ३० एप्रिल का? कारण शाळेचं वर्ष तेव्हा संपतं. इथे एक खाच आहे, ती अनेक करारांत सुटते. सीएसआरचा पैसा आर्थिक वर्षाप्रमाणे चालतो आणि ते ३१ मार्चला संपतं. शाळेच्या परीक्षा एप्रिलमध्ये असतात. म्हणजे संस्थेचा निधी बंद होतो तेव्हा मुलांचा अभ्यासक्रम अजून चालू असतो. तो मधला एक महिना कोण सांभाळणार, हे आधीच ठरवायला हवं.

मुदतवाढीचं कलमही इथेच येतं. 'दोघांच्या संमतीने वाढवता येईल' हे पुरेसं नाही, कारण संमती न विचारताच लॅब चालू राहते आणि करार संपून गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याऐवजी: 'करार आपोआप वाढणार नाही. फेब्रुवारी २०२८ मध्ये बैठक होईल. वाढवायचा असेल तर दोघांच्या सहीचं पत्र ३१ मार्च २०२८ च्या आत. पत्र नसेल तर करार ३० एप्रिलला संपला.'

४. बाहेर पडायचं कसं?

आपल्याकडे हे कलम लिहायला लोक संकोचतात. सुरुवातीलाच तुटण्याची भाषा कशाला, असं वाटतं. पण बाहेर पडायच्या अटी दोघांचं जमतंय तेव्हाच नीट ठरतात. बिनसल्यावर प्रत्येक ओळ डावासारखी खेळली जाते.

उदाहरणातलं कलम असं लिहिता येईल: 'कोणत्याही पक्षाला कारण न देता ९० दिवसांची लेखी नोटीस देऊन बाहेर पडता येईल. मात्र नोटीस कधीही दिली, तरी चालू शैक्षणिक वर्षाचे तास ३० एप्रिलपर्यंत चालतील. मुलांच्या सुरक्षिततेची तक्रार असेल, तर काम त्याच दिवशी थांबेल. त्याला नोटीस लागणार नाही.'

मग वस्तूंचा प्रश्न. १५ कॉम्प्युटर कुणाचे? तीन वर्षं पूर्ण झाली तर शाळेचे. संस्था आधी बाहेर पडली, तरी शाळेचेच. शाळेनं आधी करार मोडला, तर संस्था ३० दिवसांत परत नेईल आणि मुलांची माहिती त्यातून पुसून टाकेल. यामागचं तत्त्व एवढंच आहे, की लवकर सोडून जाणाऱ्याला सोडल्याचा फायदा होऊ नये. आणि हे सगळं चालण्यासाठी पहिल्या दिवशी शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नंबरासकट नोंद हवी. नाहीतर १५ होते की १२, इथूनच वाद सुरू होतो.

आता हे कलम चालवून बघू. समजा, डिसेंबर २०२६ मध्ये कंपनीनं संस्थेला सांगितलं, की पुढच्या वर्षी निधी नाही. संस्था ३१ डिसेंबरला नोटीस देते. ९० दिवस ३१ मार्च २०२७ ला पूर्ण होतात. नुसतं ९० दिवसांचं कलम असतं, तर १ एप्रिलला शिक्षक गेला आणि परीक्षेच्या तोंडावर लॅबला कुलूप लागलं असतं. ३० एप्रिलची ओळ असल्यामुळे शिक्षकाचा आणखी एका महिन्याचा पगार संस्थेला द्यावा लागतो. हे तिला करार करतानाच माहीत असतं, म्हणून ती तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवते. मेमध्ये शाळेकडे १५ कॉम्प्युटर राहतात आणि नवीन शिक्षक शोधायला जूनपर्यंत वेळ असतो.

कलम नसतं तर? जानेवारीत संस्थेचा फोन येणं बंद झालं असतं. फेब्रुवारीत शिक्षकाचा पगार थांबला असता. मार्चमध्ये कुणीतरी टेम्पो घेऊन कॉम्प्युटर न्यायला आलं असतं आणि मुख्याध्यापकांनी गेट लावून घेतलं असतं. दोघंही स्वतःला बरोबर समजले असते आणि कागदावर दोघांच्याही बाजूनं काहीच नसतं.

हे कोर्टात टिकतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर नावावर अवलंबून नाही. कागदावर 'एमओयू' लिहिलं म्हणून तो कच्चा होत नाही आणि 'करारनामा' लिहिलं म्हणून पक्का होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १० नुसार पात्र पक्ष, खुली संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश या गोष्टी बघितल्या जातात. मजकुरातून दोघांना बांधून घ्यायचं होतं असं दिसलं, तर एमओयूसुद्धा बंधनकारक ठरू शकतो. 'पुढे तपशील ठरवू' एवढंच असेल, तर कोर्टाच्या हातात अंमलात आणण्यासारखं काही राहत नाही.

म्हणून हे कोर्टावर सोडू नका. स्वतःच लिहा: 'हा करार सहकार्याची नोंद आहे आणि कायद्याने बंधनकारक नाही. पण गोपनीयता, वस्तूंची मालकी आणि बाहेर पडण्याच्या अटी दोघांवर बंधनकारक राहतील.' मोठे पैसे एका हातातून दुसऱ्या हातात जाणार असतील, तर त्यासाठी वेगळा करार करा आणि वकिलाला दाखवा.

स्टॅम्प पेपरबद्दलही एक गैरसमज आहे. मुद्रांक शुल्क भरलेलं नसेल, तर कागद पुरावा म्हणून वापरताना अडचण येते. पण मोघम वाक्यं स्टॅम्प पेपरवर छापली म्हणून ती स्पष्ट होत नाहीत. सही कोण करतंय हे त्याहून महत्त्वाचं आहे. ट्रस्टच्या शाळेत मुख्याध्यापकांची सही पुरेशी समजू नका. ट्रस्टचा ठराव आणि त्यात सहीचा अधिकार कुणाला दिलाय, याची प्रत कराराला जोडा.

तर पुढच्या वेळी फोटो दिसला की...

१३ सप्टेंबर २०२२ आठवतो? वेदांता आणि फॉक्सकॉनच्या सेमीकंडक्टर प्रकल्पासाठी तळेगावची चर्चा होती, आणि त्या दिवशी एमओयू झाला गुजरात सरकारसोबत. आकडा होता १ लाख ५४ हजार कोटी. महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. पण पुढचं तितकं शेअर झालं नाही. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. ज्या करारावरून आपण वर्षभर भांडलो, त्यातला एक भागीदारच उरला नाही.

म्हणून बातमी शेअर करायच्या आधी चार गोष्टी शोधा. नेमकं काय करणार आहेत? हे पूर्ण व्हायला सही न केलेल्या कुणाची परवानगी लागते का? शेवटची तारीख कुठली? आणि एकानं हात काढून घेतला, तर जमीन, पैसा आणि माणसं यांचं काय होणार? उत्तरं बातमीत नसतील, तर ती कमेंटमध्ये विचारा. आकडा तर सगळेच सांगतात.